टायर बदलले? आता गाडीला हवा शिकवा

नवे टायर घातले, बिल चुकतं केलं आणि दुसऱ्याच दिवशी घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या पुलावर चढता चढता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. टायरचं छोटं चित्र, मधोमध उद्गारचिन्ह. टायर कोरे, हवा भरलेली, मग हा दिवा कशाला? बहुतेक वेळा टायरमध्ये काहीही खोट नसते, फक्त टायर बदलल्याचं गाडीला कोणी सांगितलेलं नसतं. ते सांगायचं काम आज आपण देवनारला तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून, एकेक पायरी करत उरकू.

हाताशी एवढं ठेवा: हवेचा गेज (साधा डायलचा चालेल, पण स्वतःचा हवा), खडू, मोजपट्टी, कागद-पेन, गाडीचं मॅन्युअल आणि शनिवार-रविवारच्या दोन सकाळी. घरी बारा व्होल्टचा छोटा पंप असेल तर एका सकाळीही भागेल.

आधी ओळख पटवा

१. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालू न करता इग्निशन ऑन करा. टायरचा पिवळा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही तर एकतर गाडीत ही सोय नाही किंवा दिव्यातच बिघाड आहे. दोन्हींत पुढच्या पायऱ्यांचा उपयोग नाही.

२. मीटरच्या स्क्रीनवर टायरचं पान उघडा. चार चाकांपुढे चार आकडे दिसले तर तुमची पद्धत डायरेक्ट. ह्युंदाईच्या क्रेटासारख्या गाड्यांच्या माहितीत ‘हायलाइन’ असं लिहितात ती हीच. आकड्यांऐवजी नुसत्या रेघा दिसल्या तर लगेच निष्कर्ष काढू नका. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, चाकं फिरली की उठतात.

३. आकडे नसतील तर सेटिंगमध्ये टायर प्रेशर ‘रीसेट’, ‘सेट’ किंवा ‘कॅलिब्रेशन’ असं काही आहे का ते शोधा. सापडलं तर पद्धत बहुधा इनडायरेक्ट. होंडा सिटीच्या माहितीतली ‘डिफ्लेशन वॉर्निंग’ याच जातीची. काही गाड्यांत मेन्यूऐवजी बटण असतं, ग्लव्ह बॉक्समध्ये नाहीतर स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला.

४. वाकून चाकाचा व्हॉल्व्ह बघा. धातूचा आणि नटाने आवळलेला असेल तर आत सेन्सर असण्याची शक्यता दांडगी. रबरी असेल तर मात्र खात्री धरू नका, कारण रबरी व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सरही येतात.

५. शंका उरलीच तर मॅन्युअल उघडून निकाल लावा. शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये दोन वेगळ्या पद्धती असू शकतात.

आता फरक एका दमात सांगतो. डायरेक्टमध्ये प्रत्येक चाकाच्या आत दाब मोजणारा सेन्सर असतो आणि तो आपला आकडा रेडिओवरून गाडीला कळवतो. इनडायरेक्टमध्ये चाकाच्या आत काहीच नसतं. एबीएससाठी चाकाच्या फिरण्यावर नजर ठेवणारे जे सेन्सर असतात, त्यांच्याच आकड्यांवरून गाडी चार चाकांची आपसांत तुलना करते. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याचा घेर आखडतो आणि तेवढंच अंतर कापायला त्याला थोडे जास्त फेरे मारावे लागतात. बऱ्याच गाड्या याच्या जोडीला टायरची कंपनंही तपासतात. पण ३३ पीएसआय म्हणजे काय हे इनडायरेक्टला ठाऊकच नसतं. वाण्याच्या काट्यावर रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणतात ना, तसं तुमचं रीसेटचं बटण आहे. त्या क्षणी जे काट्यावर आहे ते शून्य. भांडं बदललं की काटा पुन्हा शून्यावर आणायचा.

तुमची डायरेक्ट असेल तर टायर कसेही बदलले तरी आकडा खराच येतो. तुम्ही ११ ते १६ या पायऱ्या करून थेट २४व्या पायरीवर या. इनडायरेक्टवाल्यांनी एकही पायरी गाळू नये.

खडूची परीक्षा

ही परीक्षा केली नाही तरी रीसेट होतो. पण रीसेट का करायचा हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की पुन्हा कधी विसरणार नाही, म्हणून करूनच घ्या. आपण असं धरू की तुमच्या सेडानचे टायर २०५/५५ आर १६ मापाचे आहेत आणि तुम्ही दोनच नवे घेतले आहेत. ते मागे बसवलेत आणि पुढे जुने, बरेच झिजलेले. हे बरोबरच आहे. दोनच नवे असतील तर ते मागे घालावेत, ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग सटकत नाही.

६. चारही टायरांच्या बाजूवर छापलेलं माप वाचून एकसारखं आहे ना ते बघा. एकाच आसावर दोन मापं दिसली तर इथेच थांबा आणि टायरवाल्याकडे परत जा. हा रीसेटने सुटणारा प्रश्न नाही.

७. एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरवर, तो जिथे जमिनीला टेकतो तिथे, खडूची उभी रेघ मारा. त्याच रेघेच्या खाली जमिनीवरही खूण करा. चाकं अगदी सरळ असू द्या, नाहीतर माप चुकतं.

८. एकाला चालकाच्या जागी बसवा, इग्निशन ऑन ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही, गिअर न्यूट्रलला टाका आणि हँडब्रेक सोडा. बेसमेंटच्या रॅम्पवर किंवा उतारावर हा प्रयोग अजिबात करू नका; इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं होतं.

९. गाडी हळू ढकला. पुढच्या चाकाची खडूची रेघ एक फेरा पूर्ण करून खाली आली की तिथे जमिनीवर खूण करा. मग जरासं आणखी ढकला, मागच्याची रेघ खाली आली की तिथेही खूण करा. मागचं चाक मागे रेंगाळताना तुम्हाला दिसेलच.

१०. हँडब्रेक ओढा आणि मोजपट्टीने दोन्ही चाकांची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची अंतरं मोजा. दोन्हींत चार-एक सेंटिमीटरचा फरक आला पाहिजे.

हे चार सेंटिमीटर आले कुठून? नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. तुमच्या जुन्याची झिजून २ वर आली असेल तर त्रिज्येत ६ मिलिमीटर आणि व्यासात १२ मिलिमीटर गेले. व्यासात १२ म्हणजे घेरात सुमारे ३८ मिलिमीटर. या मापाच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास दोन टक्क्यांचा फरक. आणि चौथाई हवा गेली तर फिरण्यात जो फरक पडतो तो एका टक्क्याच्याही आतला! गाडी शोधत असते तो फरक इतका बारीक, आणि तुम्ही तिच्यापुढे त्याच्या दुपटीहून मोठा फरक आणून ठेवलात. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा भराभर फिरताना बघून ती म्हणणार, पुढच्या दोन्हींची हवा गेली. तिची चूक नाही, तिच्या आठवणीत जुनीच जोडी आहे.

चारही एकदम बदललेत तर आपसांतला फरक फारसा उरत नाही. तरी रीसेट करायचाच. नव्या टायरची ताठरता वेगळी, कंपनं वेगळी, आणि दुकानात भरलेली हवा तर हमखास वेगळी. टायरची जागा बदलली, स्टेपनी घातली किंवा काढली, पंक्चर काढलं, हवेचं प्रमाण मुद्दाम बदललं, तर तेव्हाही हेच.

शनिवारची सकाळ: हवा

११. चालकाचं दार उघडून चौकटीवरचा स्टिकर शोधा आणि पुढचा-मागचा आकडा कागदावर लिहून घ्या. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा घेऊ नका. ती टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचं प्रमाण नव्हे.

१२. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे टायर गाडी न हलवता गेजने मोजा. निदान तीन तास तरी ती उभी असलीच पाहिजे. उन्हातल्या बाजूचे टायर जास्त दाखवतात, म्हणून ऊन चढायच्या आत उरका.

१३. चारही आकडे कागदावर लिहा. आपल्या उदाहरणात स्टिकरवर चारही चाकांना ३३ आहे आणि गेज म्हणतो: पुढचं डावं २९, पुढचं उजवं ३१, मागची दोन्ही ३८. मागच्यांचं नवल नाही. टायर रिमवर नीट बसावा म्हणून मशिनवर जास्त हवा मारतात आणि घाईत ती तशीच राहून जाते.

१४. मागच्या दोन्हींतली जास्तीची हवा इथेच सोडून ३३ करा. थोडी सोडा, मोजा, पुन्हा थोडी सोडा. एकदम सोडायला गेलात तर ती परत भरायला पंप गाठावा लागेल.

१५. पुढच्यांना किती कमी पडते ते लिहा: डावं ४, उजवं २. घरी पंप असेल तर भरून टाका आणि सोळावी पायरी सोडा.

१६. जवळच्या पेट्रोल पंपावर जाऊन तिथे दिसणाऱ्या आकड्यात तेवढीच भर घाला. इथेच सगळ्यांची गडबड होते, म्हणून नीट बघा. पंपापर्यंत जाताना टायर तापतो, त्यामुळे घरी २९ असलेलं डावं तिथे ३१ दाखवेल. त्याला ३५ लावा. घरी ३१ असलेलं उजवं ३३ दाखवेल, त्यालाही ३५. मशिनवर सरळ ३३ लावून मोकळे झालात तर डाव्यात दोन कमी भरले जातील आणि उजव्यात काहीच भरलं जाणार नाही. भर मोजायची, आकडा नाही. या रीतीने पंपाचा गेज तुमच्या गेजपेक्षा थोडा वेगळा असला तरी बिघडत नाही.

रविवारची सकाळ: बटण

१७. गाडी न हलवता चारही टायर पुन्हा मोजा. सगळीकडे ३३ आलं तरच पुढे जा. एखादं एका रात्रीत दोन-तीनने उतरलं असेल तर पंक्चर किंवा गळका व्हॉल्व्ह आहे. आधी ते बघून घ्या, बटण नंतर.

१८. गाडी जागेवर उभी ठेवून हँडब्रेक ओढा आणि मॅन्युअल सांगेल तसं इग्निशन ऑन करा किंवा इंजिन चालू करा. चालत्या गाडीत बहुतेक गाड्या हा हुकूम मानतच नाहीत.

१९. मेन्यूतलं रीसेट निवडून होकार द्या, किंवा बटण असेल तर खूण मिळेपर्यंत दाबून धरा. खूण म्हणजे कुठे बीप, कुठे दिव्याचं लुकलुकणं, कुठे स्क्रीनवर ओळ. नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलंत तर काही होत नाही.

२०. स्क्रीनवर काय लिहून आलं ते वाचा. आलेली ओळ बहुधा कॅलिब्रेशन सुरू झाल्याची असते, झाल्याची नाही. इथे गाडी बंद करून नाश्त्याला गेलात तर शिकवणी अर्धवट. शिकायला तिला आता रस्ता लागतो.

२१. गाडी मानखुर्दच्या बाजूने सायन-पनवेल महामार्गावर काढा आणि वाशीचा खाडीपूल ओलांडून बेलापूरपर्यंत जाऊन या. गोवंडी स्टेशन रोडवर फेऱ्या मारून उपयोग नाही, कारण शिकण्यासाठी गाडीला किमान वेग हवा असतो. अंदाज यावा म्हणून सांगतो: होंडाच्या अमेरिकेतल्या मॅन्युअलांत ताशी ४८ ते १०५ किलोमीटर वेगाने एकूण सुमारे ३० मिनिटं असं दिलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. ही मिनिटं साठत जातात, त्यामुळे मध्ये सिग्नल लागला म्हणून हळहळू नका. आणि टोलचीही चिंता नको. वाशी नाक्यावर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे.

२२. या फेरीत गाडी रोजच्यासारखी चालवा, फलकावरच्या मर्यादेत आणि थोडी वेग बदलत. डिकीत सिमेंटच्या गोण्या नकोत, बारीक स्टेपनी बसवलेली नको. त्या अवस्थेत शिकवलंत तर ती अवस्थाच तिच्या दृष्टीने बरोबर ठरेल.

२३. घरी आल्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि ३३ असं कागदावर लिहून कागद मॅन्युअलमध्ये ठेवा. दिवा परत लागला की आधी हा कागद बघायचा.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. पुढे कधी हा दिवा लागला तर तो घालवायला रीसेट दाबू नका. बाजूला घ्या आणि गेज लावा. असं समजा की गाडी ३३ शिकलेली आहे. पाचवा हिस्सा हवा गेल्यावर ती ओरडणार असेल तर २६च्या सुमारास ओरडेल. तुम्ही न मोजता तिथेच रीसेट केलात तर २६ हेच तिचं नवं प्रमाण झालं, आणि पुढची हाक येईल ती २१च्या आसपास. तोवर टायरच्या बाजू रस्त्यावर तापून कमकुवत झालेल्या असतील. गॅरेजवाल्याने ‘दिवा काढून देतो’ म्हणत बटण दाबलं, तरी त्याचा अर्थ हाच.

आणि एक मर्यादाही ओळखून असा. चारही चाकांची हवा महिनोन्महिने सारखीच, हळूहळू उतरत गेली तर आपसांत तुलना करणाऱ्या गाडीला ते उशिरा कळतं, जुन्या इनडायरेक्ट पद्धतींना कधी कधी कळतच नाही. म्हणून महिन्यातून एकदा गेज लावायचाच. माझं मत विचाराल तर इनडायरेक्ट पद्धत आणि खिशात स्वतःचा गेज ही जोडी अजिबात वाईट नाही. तिच्यात संपणारी बॅटरी नाही.

डायरेक्टवाले, आता तुमची पाळी: सेन्सरची बॅटरी

२४. इग्निशन ऑन करून दिव्याचं वागणं बघा. सरळ लागून राहिला तर हवा कमी आहे. मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग लागून राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे, म्हणजे एखाद्या सेन्सरचा आवाज गाडीपर्यंत पोचत नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यावर हवा भरत बसू नका.

२५. थोडं चालवून कोणत्या चाकापुढे रेघा राहतात ते टिपून ठेवा. बॅटरी उतरू लागली की आकडा आधी मधूनच गायब होतो, परत येतो, आणि मग एक दिवस येतच नाही. चारही चाकांपुढे एकदम रेघा आल्या तर चारही बॅटऱ्या एका दिवशी संपल्या असं समजू नका. तेव्हा गाडीतल्या रिसीव्हरवर संशय घ्या.

२६. गाडीचं वय मोजा. सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं जाते. चाकं फिरत असतात तेव्हाच सेन्सर नियमित बोलतो, म्हणून दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या गाडीची लवकर उतरते आणि रविवारीच निघणाऱ्या गाडीची जास्त पुरते. ती बदलून मिळेल अशी आशा धरू नका. सेल सेन्सरच्या आत, घट्ट ओतलेल्या थराखाली बंद असतो. बदलायचा तो अख्खा सेन्सर.

२७. टायर उतरवायच्या आधी ट्रिगर टूल असलेल्या दुकानात चारही सेन्सर तपासून घ्या. हे हातात मावणारं यंत्र व्हॉल्व्हजवळ धरलं की सेन्सर जागा होतो आणि आपला क्रमांक, दाब, आणि सेन्सर तसा असेल तर बॅटरीची स्थितीही सांगतो. टायर उतरवल्यावर तपासलंत तर मजुरी आधीच गेलेली असते.

२८. एक बदलायचा की चारही, ते इथेच ठरवा. गाडी सात-आठ वर्षांची असेल, एक सेन्सर गेला असेल आणि नवे टायरही घालायचेच असतील, तर चारही बदला. चौघं एकाच दिवशी कामाला लागले होते, उरलेले तिघंही वाटेवरच आहेत, आणि प्रत्येकासाठी टायर पुन्हा रिमवरून उतरवावा लागतो. गाडी तीन वर्षांची असेल तर एकच बदला.

२९. नवा सेन्सर घेताना तो तुमच्याच मॉडेलचा आणि ४३३ मेगाहर्ट्झचा आहे ना, हे वेष्टनावर वाचा. बाहेरून कोणी ३१५चा आणून दिला तर दिसायला हुबेहूब असेल, पण इथल्या गाडीशी बोलणार नाही.

३०. टायरवाल्याला चाकाला हात लावायच्या आधी सांगा, आत सेन्सर आहेत. टायरची कड रिमपासून सोडवताना मशिनचा पट्टा व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला लावायला हवा. व्हॉल्व्हजवळ लावला की प्लॅस्टिकचा सेन्सर कट्कन मोडतो, आणि मग तो ‘आधीच मोडका होता’ असं निघतं.

३१. जुना सेन्सर परत बसणार असेल तर व्हॉल्व्हचं रबरी वायसर, नट, आतली पिन आणि टोपी नवी घालून घ्या. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन नको, निकेलचा मुलामा असलेली मागा. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे. दोन धातू एकमेकांना खातात आणि पुढच्या वेळी पिन फिरवायला गेलात की व्हॉल्व्हच हातात येतो. टोपीही प्लॅस्टिकचीच ठेवा, चकचकीत धातूची नको.

३२. पंक्चर थांबवणारं पातळ औषध टायरमध्ये ओतू देऊ नका. ते सेन्सरच्या दाब मोजणाऱ्या बारीक भोकात बसलं तर चांगला सेन्सर आंधळा होतो.

३३. नव्या सेन्सरचे क्रमांक गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवून घ्या. काही गाड्या थोडं चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो. ते झाल्याशिवाय दुकानातून निघू नका, नाहीतर नवा सेन्सर असूनही दिवा लुकलुकत राहील.

३४. काढलेले सेन्सर मागून घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आत लिथियमचा सेल आहे. जानेवारी २०१६मध्ये देवनार डंपिंग ग्राउंडच्या आगीचा धूर ज्यांनी घरात घेतला आहे, त्यांना तो कचऱ्याच्या डब्यात का टाकू नये हे वेगळं सांगायला नको.

तुमचे सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बाहेरून बसणारे असतील, गाडीसोबत न आलेले, तर तुमचं काम सोपं आहे. टोपी उघडायची, जुन्या सेलवर छापलेला क्रमांक बघायचा (बरेचदा तो सीआर १६३२ असतो), तसाच नवा घालायचा. आतली रबरी कडी जागेवर बसली आहे ना तेवढं बघा. ती सरकली की पावसाचं पाणी आत जातं.

३५. शेवटी, कोणता आकडा कोणत्या चाकाचा आहे ते तपासा. टायरची जागा बदलली की काही गाड्या जुनीच नावं धरून बसतात, आणि मागच्या उजव्याची हवा गेली तर पुढचं डावं दाखवतात. सकाळी थंड टायरवर पुढच्या डाव्यातली फक्त तीन पीएसआय हवा सोडा.

३६. सोसायटीभोवती हळू एक फेरी मारून स्क्रीन बघा. पुढच्या डाव्याचाच आकडा तीनने उतरलेला दिसला पाहिजे. दुसरंच चाक उतरलेलं दिसलं तर दुकानात जाऊन जागा पुन्हा शिकवून घ्या.

३७. सोडलेली तीन पीएसआय त्याच चाकात परत भरा.